देवस्थान ट्रस्टची नोटीस आली? आधी नोंदणी क्रमांकाचं अक्षर बघा

सप्टेंबर लागला की पुण्याच्या वर्तमानपत्रांत जाहीर नोटिशींच्या पानावर आणि तालुक्यातल्या देवळांच्या फळ्यावर एकाच साच्यातला मजकूर दिसू लागतो. ‘सर्व सभासदांना कळविण्यात येते की, संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा अमुक तारखेस सकाळी अकरा वाजता खालील विषयांचा विचार करण्यासाठी आयोजित केली आहे.’ खाली आठ-नऊ विषय, मग ‘हिशेबाची कागदपत्रे कार्यालयीन वेळेत पाहण्यास उपलब्ध आहेत’, आणि सगळ्यात शेवटी बारीक टाइपात, ‘ज्या सभासदांना सूचना किंवा हरकती मांडावयाच्या असतील त्यांनी त्या सभेपूर्वी सात दिवस लेखी द्याव्यात.’

बहुतेक जण तारीख बघतात, ठिकाण बघतात, महाप्रसाद आहे का ते विचारतात आणि कागद बाजूला ठेवतात. पुढे वर्षभराने कळतं, की देवाच्या जमिनीचा काही तरी करार झाला, किंवा ठेव अडकली. मग गावात कुजबुज सुरू होते, ‘आम्हाला कुणी विचारलंच नाही.’ पुष्कळदा विचारलेलं असतं. त्या नोटिशीतच विचारलेलं असतं, फक्त कळेल अशा भाषेत नसतं.

ही नोटीस सप्टेंबरातच का येते, त्याला कारण आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० प्रमाणे ट्रस्टची वह्या-पुस्तकं ३१ मार्चला बंद होतात आणि त्यानंतर सहा महिन्यांत लेखापरीक्षण व्हावं लागतं. म्हणजे ३० सप्टेंबर. लेखापरीक्षकाचा अहवाल एकीकडे विश्वस्तांना आणि दुसरीकडे धर्मादाय कार्यालयाला जातो. पुणे विभागाचं हे कार्यालय पुण्यात ढोले पाटील रोडवर आहे. सभा त्या अहवालाच्या आधी घेतली, तर सभेपुढे मांडायला तपासलेला हिशेबच नसतो. म्हणून नोटिशीत ‘लेखापरीक्षित’ हा शब्द आहे की नुसतं ‘हिशेबपत्रक’ लिहिलंय, हे बघावं.

पण त्याच्याही आधी बघायची गोष्ट नोटिशीच्या डोक्यावर असते. ट्रस्टच्या नावाखाली नोंदणी क्रमांक छापलेला असतो. त्यात आकड्यांच्या पुढे एक अक्षर असतं, बहुतेक देवळांच्या बाबतीत ‘ए’ किंवा ‘एफ’. ‘एफ’ असेल तर ती संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखालीही नोंदलेली आहे. तिला सभासद असतात, वर्गणी असते, मत असतं, आणि वार्षिक सभा हा तिचा कणा असतो. ‘ए’ असेल तर तो हिंदू धार्मिक ट्रस्ट. तिथं विश्वस्त असतात, पण सभासद असतीलच असं नाही. त्या देवस्थानची जी घटना किंवा योजना मंजूर झालेली असते, तीत काय लिहिलंय त्यावर सगळं अवलंबून. काही योजनांत गावातल्या सज्ञान रहिवाशांच्या सभेला विश्वस्त निवडायचा अधिकार दिलेला आहे. काहींत विश्वस्त धर्मादाय कार्यालय नेमतं. आळंदीच्या संस्थान कमिटीवर पुण्याचं जिल्हा न्यायालय नेमणूक करतं. शिर्डी, पंढरपूर यांच्यासाठी तर वेगळे कायदेच आहेत.

हा फरक कागदोपत्री वाटतो, पण तो रस्त्यावर कसा येतो ते पुरंदर तालुक्यानं पाहिलं आहे. मे २०२३ मध्ये जेजुरीच्या श्री मार्तंड देवसंस्थानवर सात नव्या विश्वस्तांची नेमणूक झाली. त्यांत बहुतेक जण जेजुरीबाहेरचे निघाले आणि गाव खवळलं. ग्रामस्थांनी आंदोलन मांडलं, रास्ता रोको केला. पुढे विश्वस्तांची संख्या वाढवून ती सातावरून अकरा करण्यात आली आणि स्थानिकांना जागा मिळाल्या. विश्वस्त गावचेच असावेत की लायकी बघून कुठलेही असावेत, या वादात दोन्हीकडून बोलण्यासारखं पुष्कळ आहे. तो वाद इथं बाजूला ठेवू. मुद्दा एवढाच, की खंडोबाच्या पायथ्याला पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या माणसाला ‘माझा या नेमणुकीला विरोध आहे’ असं इतिवृत्तात नोंदवायला सभाच नव्हती. त्याच्यापुढे धर्मादाय कार्यालयातला अर्ज, कोर्ट आणि रस्ता एवढंच होतं. एफ क्रमांकाच्या ट्रस्टच्या सभासदाकडे ही सभा आहे, आणि तो ती प्रसादाच्या वेळेला पोचून घालवतो.

आता एक नमुना घेऊन बघू. समजा मुळशीकडच्या एका गावच्या ग्रामदैवताचा ट्रस्ट आहे, क्रमांक एफ. निम्मे सभासद पुण्यात स्थायिक झालेले, म्हणून कार्यालय कसब्यात एका खोलीत आणि सभाही पुण्यातच, रविवारी. नोटिशीत विषय असे आहेत: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, वार्षिक अहवाल व लेखापरीक्षित हिशेबास मंजुरी देणे, पुढील वर्षासाठी लेखापरीक्षक नेमणे, अंदाजपत्रकास मंजुरी देणे, सभामंडपाच्या वाढीव खर्चास मंजुरी देणे, देवस्थानच्या जमिनीबाबत निर्णय घेणे, नवीन कार्यकारिणी निवडणे, आणि मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय.

यातले तीन-चार विषय नेहमीचे आहेत, त्यावर वेळ घालवायला नको. अडकायचं ते ‘जमिनीबाबत निर्णय घेणे’ या तीन शब्दांत. कोणती जमीन, गट नंबर काय, विकायची की भाड्यानं द्यायची, कुणाला, किती वर्षांसाठी, यातलं काहीच त्यात नाही. असा विषय मुद्दाम मोकळा ठेवलेला असू शकतो, किंवा सचिवानं आळसानं मागल्या वर्षीचा कागद उतरवलेला असू शकतो. दोन्ही बाबतींत उपाय सारखाच आहे, लेखी खुलासा मागायचा.

कारण जमिनीचा निर्णय सभेच्या हातात पुरता नाहीच. कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे ट्रस्टची स्थावर मिळकत विकायची, बदलून द्यायची किंवा बक्षीस द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी लागते. भाडेपट्ट्यालाही मर्यादा आहे. शेतजमीन दहा वर्षांपेक्षा जास्त आणि बिगरशेती जागा किंवा इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीनं द्यायची असेल, तर मंजुरी हवी. सातबारावर देवस्थान इनाम वर्ग तीनचा शेरा असेल तर महसूल खात्याची बाजूही आली, ती वेगळीच. त्यामुळे टाळ्या वाजवून ठराव झाला म्हणजे जमीन गेली, असं होत नाही. पण ठराव झाला की मंजुरीच्या अर्जाला तो जोडला जातो, आणि ‘सभासदांनी एकमताने ठरवले’ हे वाक्य तिथं फार उपयोगी पडतं. ‘एकमताने’ हा शब्द लागू द्यायचा नसेल तर तो सभेतच अडवावा लागतो.

ऐनवेळच्या विषयांचंही असंच. आभाराचा ठराव, पालखीचा मार्ग, अन्नदानाची वेळ असे विषय तिथं ठीक आहेत. जमीन, कर्ज, घटनादुरुस्ती यांसारखे विषय तिथून आत आले तर हरकत घ्यायलाच हवी, कारण न आलेल्या सभासदाला ते कळवलेलेच नव्हते. संस्थेचा उद्देशच बदलायचा असेल, तर संस्था नोंदणी कायद्याची वाट बरीच लांब आहे. दहा दिवस आधी सभासदांना लेखी प्रस्ताव, विशेष सभेत तीन पंचमांश मतं, आणि महिन्याच्या अंतरानं दुसरी सभा घेऊन पुन्हा तेवढ्याच बहुमतानं कायम करणं. ऐनवेळी उठून ते होत नाही.

आता हिशेब. ‘कार्यालयात पाहण्यास उपलब्ध’ असं लिहिलंय म्हणून माणूस कसब्यातल्या त्या खोलीत गेला, तर त्याच्यापुढे सहसा दोन कागद ठेवले जातात, ताळेबंद आणि उत्पन्न-खर्च पत्रक. ठरलेल्या नमुन्यांत ते परिशिष्ट आठ आणि नऊ. पण खरा वाचण्यासारखा कागद तिसरा असतो, लेखापरीक्षकाचा अहवाल. सार्वजनिक विश्वस्त नियमांतल्या नियम १९ प्रमाणे लेखापरीक्षकाला ठरावीक प्रश्नांची उत्तरं द्यावीच लागतात. हिशेब नियमित ठेवलेत का, हातातली रोकड आणि पावत्या जुळल्या का, जंगम वस्तूंची यादी आहे का, एक वर्षावर थकलेली येणी किती, गुंतवणूक कायद्याबाहेर झाली का, एखादा विश्वस्त ट्रस्टचा देणेकरी किंवा घेणेकरी आहे का, मागच्या वर्षी दाखवलेल्या चुका दुरुस्त झाल्या का. उत्तरं एका ओळीची असतात. ‘होय’, ‘नाही’, ‘लागू नाही’. ज्याला ताळेबंद वाचता येत नाही त्यालाही हे वाचता येतं. हा कागद पुढे आला नाही तर नाव घेऊन मागावा.

आपल्या नमुन्यातल्या ट्रस्टचं उत्पन्न धरा १८ लाख ४० हजार. दानपेटी ६ लाख २० हजार, देणग्या १० लाख ५८ हजार, गाळ्यांचं भाडं १ लाख १० हजार आणि व्याज ५२ हजार. ताळेबंदात ठेवी दिसतात १९ लाखांच्या. त्यांतले ७ लाख बँकेत आणि १२ लाख एका पतसंस्थेत. आता व्याजाकडे परत बघा. बँकेतल्या सात लाखांवर सात टक्क्यांनी ४९ हजार होतात. बचत खात्याचं थोडं धरलं की ५२ हजार पुरे झाले. मग पतसंस्थेतल्या बारा लाखांचं व्याज कुठंय? एक शक्यता अशी, की ठेव मुदतीअखेर व्याज देणारी आहे आणि हिशेबात ते तेव्हाच धरणार आहेत. दुसरी शक्यता, पतसंस्थेनं व्याज देणं थांबवलंय आणि मुद्दलही धोक्यात आहे. पावतीवरची मुदत बघितली की यातलं कोणतं खरं ते बऱ्याच अंशी कळतं. मुदत उलटून गेलेली पावती तशीच पडून असेल, तर दुसरीच शक्यता धरून चाला.

आणि मुळात ती ठेव तिथं का? कलम ३५ प्रमाणे ट्रस्टचा शिल्लक पैसा शेड्यूल्ड बँक, पोस्टाची बचत बँक, सरकारनं त्यासाठी मान्य केलेली सहकारी बँक किंवा सरकारी रोखे अशा ठिकाणी ठेवायचा असतो. याबाहेर ठेवायचा तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. पतसंस्था म्हणजे बँक नाही. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. तालुक्याच्या ठिकाणी मात्र देवाचा पैसा पतसंस्थेत ठेवण्याची चाल जुनी आहे. अर्धा-एक टक्का जास्त मिळतो, चेअरमन गावचाच असतो, आणि कधी कधी तोच देवस्थानचाही पदाधिकारी असतो. नियत चांगली असली तरी कलम बदलत नाही. लेखापरीक्षकानं ‘कलम ३५ विरुद्ध गुंतवणूक’ या प्रश्नापुढे काय लिहिलंय ते इथं बघायचं. बारा लाख पतसंस्थेत असून उत्तर ‘नाही’ असेल, तर परवानगीचा कागद असला पाहिजे. तो नसेल तर लेखापरीक्षकालाच विचारायची वेळ आली.

उलट बाजूही सांगायला हवी, नाही तर उगाच गावात आग लागते. त्याच यादीत एक प्रश्न आहे, पाच हजार रुपयांवरच्या दुरुस्ती-बांधकामाला निविदा मागवल्या होत्या का. पाच हजारांत आज देवळाची एक भिंत रंगवून होत नाही. त्यामुळे तिथं ‘नाही’ दिसलं म्हणून लगेच चोरी ठरत नाही. पण सभामंडपावर ९ लाख ६० हजार खर्च झाले आणि तरीही एकच ठेकेदार, एकच दरपत्रक, असं असेल तर प्रश्न विचारायला तेच उत्तर पुरेसं आहे. तसंच ‘उचल’ किंवा ‘अनामत येणे’ या सदराचं. २ लाख ३५ हजार यंदा, आणि मागच्या वर्षीही नेमके तेवढेच, म्हणजे कुणाकडे तरी दिलेली रक्कम हललेली नाही. नाव विचारावं.

‘देवाच्या हिशेबात सरकारनं आणि कायद्यानं कशाला डोकवायचं’ असं अजूनही काही विश्वस्त म्हणतात. हा वाद आजचा नाही. कायदा नवा असताना मुंबई राज्यातल्या एका जैन मंदिराचे वहिवाटदार रतिलाल गांधी हे तो घेऊन थेट सर्वोच्च न्यायालयात गेले होते. १९५४ मध्ये निकाल लागला. धर्मादाय आयुक्तालाच विश्वस्त करून टाकणारी आणि आणखी काही कलमं न्यायालयानं रद्द केली. पण नोंदणी, हिशेब आणि तपासणी यांचं बंधन कायम ठेवलं. पूजा कशी करायची हे धर्माचं, पैसा कसा सांभाळायचा हे कायद्याचं, अशी ती रेघ तेव्हापासून आहे.

हरकत घ्यायची तर पहिली अट फार साधी आहे आणि तिथंच बरेच जण बाद होतात, ती वर्गणीची. संस्था नोंदणी कायद्याच्या कलम १५ प्रमाणे तीन महिन्यांपेक्षा जास्त वर्गणी थकलेल्याला मत नाही आणि त्याची सभासद म्हणून गणतीही होत नाही. सभेच्या दारात थकबाकी दाखवून गप्प बसवायचा डाव जुना आहे. म्हणून नोटीस आली की आधी वर्गणी भरून तारखेची पावती घ्यावी. घेत नसतील तर ऑनलाइन किंवा मनीऑर्डरनं पाठवून पुरावा ठेवावा.

नोटीस किती दिवस आधी हवी, गणपूर्ती किती, हरकत किती दिवस आधी द्यायची, हे ट्रस्टच्या नियमावलीत असतं, आणि प्रत्येक ट्रस्टची नियमावली वेगळी. ती ट्रस्टकडून मिळाली नाही तर धर्मादाय कार्यालयातून नक्कल काढता येते. ट्रस्टची नोंद charity.maharashtra.gov.in या संकेतस्थळावरही शोधता येते.

हरकतीचा कागद लांबलचक नको. मागची भांडणं, भाऊबंदकी, कोण कुणाचा माणूस, हे त्यात आलं की मुद्दा मेला. नमुन्यातल्या ट्रस्टसाठी एवढं पुरे: ‘विषय क्रमांक ६ मध्ये जमिनीचा गट नंबर, क्षेत्र, व्यवहाराचा प्रकार व मुदत नमूद नाही. ती माहिती सभेपूर्वी लेखी मिळावी, अन्यथा हा विषय पुढे ढकलावा. ताळेबंदातील १२ लाखांच्या पतसंस्थेतील ठेवीची पावती, मुदत व कलम ३५ खालील परवानगी सभेपुढे ठेवावी. हे पत्र सभेच्या इतिवृत्तात नोंदवावे.’ दोन प्रती काढायच्या, एकीवर पोच घ्यायची. सचिव पोच देत नसेल तर पोचपावतीसह स्पीड पोस्ट.

सभेत मग एक गोष्ट हमखास घडते. अकरा वाजता गणपूर्ती नसते, सभा तहकूब होते आणि अर्ध्या तासानं त्याच जागी पुन्हा सुरू होते. नियमावलीत तशी तरतूद असेल तर हे चूक नाही. पण तहकूब सभेत मूळ नोटिशीतलेच विषय घेता येतात. साडेअकराला बारा माणसं उरलेली असताना नवीन विषय काढला, तर उभं राहून ‘माझा विरोध नोंदवा’ म्हणायचं आणि हजेरीच्या वहीत आपली सही आहे ना ते बघायचं. सही करताना वही कोरी किंवा मधली पानं मोकळी असतील तर तेही सांगायचं. हात वर करून झालेला विरोध पुढच्या वर्षी इतिवृत्त वाचताना गायब झालेला असतो. संध्याकाळी त्याच दिवशी सचिवाला दोन ओळींचं पत्र किंवा ईमेल गेलेलं असलं, की तो तसा गायब होत नाही.

सभा संपली म्हणजे दार बंद झालं, असं नाही. नवीन कार्यकारिणी निवडली की ट्रस्टला ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो, कलम २२ खाली. त्यावर चौकशी होते. सभेची नोटीस सगळ्यांना मिळाली नव्हती, मतदान झालंच नाही, असं ज्याचं म्हणणं असेल त्याला त्या चौकशीत पक्षकार होऊन हरकत घेता येते. तेव्हा पोच असलेली प्रत, वर्गणीची पावती आणि नोटिशीचा लिफाफा कामाला येतो. लिफाफ्यावरचा पोस्टाचा शिक्का जपून ठेवावा. नोटीस कधी टाकली ते तोच सांगतो.

एक सावधगिरी मात्र हवी. बदल अर्जाला हरकत आली की प्रकरण वादग्रस्त होतं आणि ते पुष्कळ वर्षं रेंगाळू शकतं. तोवर पुढच्या निवडणुकीचा बदल अर्जही येतो, त्यावरही हरकत येते. अशी एकावर एक प्रकरणं साचलेली देवस्थानं जिल्ह्यात शोधायला फार लांब जावं लागत नाही. तेव्हा हरकत माणसाला आहे की हिशेबाला, हे आधी ठरवावं. हिशेबाला असेल तर बदल अर्जाऐवजी तपासणीसाठी किंवा विश्वस्तांना निर्देश द्यावेत म्हणून अर्ज करणं जास्त सरळ. कलम ३७ आणि ४१ अ त्यासाठीच आहेत. विश्वस्तानं गंभीर गैरवर्तन केलं असेल तर त्याला निलंबित करण्याची किंवा काढण्याची तरतूद कलम ४१ ड मध्ये आहे, पण तिथं आरोप सिद्ध करावा लागतो.

आणि हे अर्ज फक्त एफवाल्या सभासदांसाठी आहेत असं नाही. ‘हितसंबंध असलेली व्यक्ती’ या शब्दाची व्याख्या कायद्यात केलेली आहे. देवळाच्या बाबतीत तिथल्या पूजेला जाण्याचा हक्क असलेला किंवा नेहमी जाणारा माणूस तीत बसतो. त्यामुळे ‘ए’ क्रमांकाच्या देवळातला, सभासद नसलेला, दर अमावास्येला पायऱ्या चढणारा शेतकरीही ढोले पाटील रोडला अर्ज देऊ शकतो. त्याला सभा मिळणार नाही, नोटीस येणार नाही. पण त्याच्या देवळाचा लेखापरीक्षणाचा अहवाल त्याच सप्टेंबरअखेरपर्यंत त्याच कार्यालयात यायला हवा असतो, आणि नियम १९ मधले प्रश्न त्यातही तेच असतात. आला नसेल तर अर्जाचा पहिला मुद्दा तोच.